शेवटचं ‘-अन’: अरबीतलं मफ़ऊल मुतलक आणि तमयीज़ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरबी शिकणाऱ्या मराठी भाषकांना पहिल्या वर्षाच्या शेवटाकडे एका गोष्टीचा हमखास वैताग येतो. वाक्य समजलेलं असतं, कर्ता सापडतो, कर्म सापडतं, आणि मग शेवटी ‘-अन’ लावलेलं आणखी एक नाम उभं असतं. ते कर्म नसतं आणि त्याच्याआधी कुठलं अव्ययही नसतं. मग ते तिथं काय करतंय? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनी हा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या रूपांत विचारला आहे की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. अरबी शब्द इथं देवनागरीत लिहिले आहेत. ऐन, दाद अशा काही ध्वनींसाठी आपल्याकडे अक्षर नाही, तिथं जवळचं अक्षर वापरलं आहे.

मफ़ऊल मुतलक आणि तमयीज़ म्हणजे थोडक्यात काय?

दोन्ही नामं आहेत आणि दोन्ही नस्ब विभक्तीत, म्हणजे ढोबळमानाने आपल्या द्वितीयेत, येतात. मफ़ऊल मुतलक हे क्रियापदाच्याच धातूपासून झालेलं नाम असतं आणि ते क्रियापदाला धरून राहतं. ‘नाम नौमन’ म्हणजे शब्दशः ‘झोपला झोप’. तमयीज़ हे मोघम राहिलेल्या नामाला किंवा मोघम राहिलेल्या विधानाला नेमकेपणा देतं. ‘इश्रून किताबन’ म्हणजे ‘वीस, आणि वीस काय तर पुस्तकं’.

संस्कृत शिकलेल्यांना एक खूण पटकन पटते. ‘शीघ्रं गच्छति’ मधलं ‘शीघ्रम्’ द्वितीयेत आहे, पण ते कर्म नाही. द्वितीया ही कर्मापुरती नसते, ही जाणीव असली की अरबीतलं निम्मं कोडं सुटतं.

क्रियापदात अर्थ आलेला असताना तेच नाम पुन्हा कशाला?

मराठीत आपण काय करतो ते आधी बघू. ‘त्याला धुतलं’ आणि ‘त्याला धू धू धुतलं’ यांत माहिती तीच आहे, पण दुसरं वाक्य ऐकणाऱ्याला पळवाट ठेवत नाही. ‘ती रडली’ म्हटलं तर डोळ्यांत पाणी आलं असेल असं कुणी समजू शकतो. ‘ती रड रड रडली’ म्हटल्यावर तसं समजायची सोय उरत नाही. आपण धातू दोनदा म्हणून जे काम करतो तेच अरबी भाषा धातूचं नाम जोडून करते. ‘दरब्तुहू दर्बन’, म्हणजे मी त्याला चांगलाच मारला.

अरबी व्याकरणकार या जोराचं कारण फार नेमकं सांगतात. साधं क्रियापद लाक्षणिक अर्थाने वापरलेलं असू शकतं. ‘राजाने किल्ला बांधला’ म्हणताना राजाने स्वतः दगड उचलले असं आपल्याला म्हणायचं नसतं. धातुनाम जोडलं की बोलणारा म्हणतो, मी हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थानेच वापरतोय. याचं गाजलेलं उदाहरण कुराणाच्या चौथ्या सूरेच्या 164व्या आयतीत आहे: ‘व कल्लमल्लाहु मूसा तक्लीमन’. ‘कल्लम’ म्हणजे बोलला आणि ‘तक्लीम’ हे त्याचंच धातुनाम. इजिप्तमधले व्याकरणकार अन-नह्हास (मृत्यू 338 हिजरी, म्हणजे इ.स. 950) यांचं म्हणणं असं की क्रियापदाला धातुनामाने पक्कं केलं की ते लाक्षणिक राहत नाही. म्हणून इथं अल्लाह मूसाशी खरोखर बोलला असाच अर्थ घ्यावा लागतो. ईश्वराचं बोलणं म्हणजे काय, यावर मुस्लिम धर्मपंडितांत मोठे वाद झाले, आणि त्या वादांत या एका ‘तक्लीमन’चा आधार पुन्हा पुन्हा घेतला गेला.

हा नियम अभेद्य मात्र नाही. एका जुन्या कवितेत एका माणसाच्या अंगावरची रेशमी वस्त्रं त्याला विटून आकांत करतात, आणि तिथंही क्रियापदाला त्याचं धातुनाम जोडलेलं आहे: ‘अज्जत अजीजन’. वस्त्रं काही खरोखर आकांत करत नाहीत. तेव्हा मला योग्य वाटतं ते असं: हे धातुनाम शंकेला मागे ढकलतं. गद्यात आणि थेट विधानात ती जवळजवळ संपतेच, पण कवीला रूपकसुद्धा ठासून मांडण्याची मुभा राहते.

याचा उपयोग फक्त जोर देण्यापुरताच आहे का?

नाही, आणि रोजच्या वाचनात उलट इतर दोन उपयोगच जास्त भेटतात. धातुनामाला विशेषण किंवा षष्ठीतलं नाम जोडलं की ते क्रियेचा प्रकार सांगतं. ‘निम्तु नौमन अमीक़न’ म्हणजे मी गाढ झोपलो. आपण ‘बेदम मार मारला’ म्हणतो, तिथं ‘मार’ हा शब्द ‘बेदम’ला टेकायला जागा देतो. अरबीतही तसंच आहे. अशा वेळी सगळा अर्थ विशेषणात असतो आणि धातुनाम त्याचा खुंटा असतं. म्हणून भाषांतर करताना ते सरळ गाळून ‘गाढ झोपलो’ म्हणावं. ‘गाढ झोप झोपलो’ हेही मराठीत चालतं, पण प्रत्येक ठिकाणी तसं केलं तर लिखाण जड होतं.

तिसरा उपयोग संख्येचा. इथं अरबीतली एक बारीक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. ‘जलस’ म्हणजे बसला. त्यापासून ‘जल्सा’ आणि ‘जिल्सा’ अशी दोन नामं होतात आणि फरक फक्त पहिल्या स्वराचा. ‘अ’ असला तर एकदा बसणं आणि ‘इ’ असला तर बसण्याची ढब. ‘जलस जल्सतन’ म्हणजे तो एकदा बसला. ‘जलस जिल्सतल मुअल्लिम’ म्हणजे तो गुरुजींसारखा बसला. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. पुढे षष्ठीतलं नाम किंवा विशेषण आहे का, हे बघूनच स्वर ठरवावा लागतो. आपल्याकडचा गाण्याचा ‘जलसा’ याच कुळातला, तेव्हा शब्द तरी लक्षात राहतो.

आणखी एक फरक यातून कळतो. नुसत्या जोरासाठी आलेल्या धातुनामाचं द्विवचन किंवा अनेकवचन होत नाही, कारण ते क्रियापद पुन्हा उच्चारल्यासारखंच आहे आणि क्रियेला ‘दोन’ म्हणता येत नाही. द्विवचन दिसलं, उदाहरणार्थ ‘दर्बतैन’, म्हणजे दोन फटके, की तो संख्येचाच उपयोग समजावा.

शुक्रन, जिद्दन, ऐदन या शब्दांच्या शेवटीही ‘-अन’ आहे. तेही हेच का?

हो. आखातात नोकरीला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जो शब्द पाठ होतो तो ‘शुक्रन’ म्हणजे मफ़ऊल मुतलकच आहे. ‘अश्कुरुक शुक्रन’, म्हणजे मी तुझे आभार मानतो, यातलं क्रियापद गळालं आणि धातुनाम एकटं उरलं. ‘अफ़्वन’, म्हणजे ‘माफ करा’, याचंही तसंच. ‘जिद्दन’ (फार) हे मुळात ‘गांभीर्य, खरेपणा’ अशा अर्थाचं धातुनाम आहे आणि ‘ऐदन’ (सुद्धा) हे ‘परतणे’ या अर्थाच्या धातूचं.

यावरून बापलेकांत मतभेद झाला होता. व्याकरणकार इब्न मालिक यांचा जन्म अंदलुसमधल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या, जाएनचा आणि मृत्यू दमास्कसमध्ये 1274 साली. त्यांनी सुमारे हजार ओळींत सारं अरबी व्याकरण बांधलं, त्या ग्रंथाचं नाव ‘अल्फ़िया’, म्हणजे हजारी. त्यात त्यांनी सांगितलं की जोर देणाऱ्या धातुनामाचं क्रियापद गाळता येत नाही, कारण ज्याला जोर द्यायचा तेच काढून टाकलं तर जोर कशाला? मुलगा बद्रुद्दीन यांनी वडिलांच्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना हे नाकारलं आणि क्रियापद गाळलेली उदाहरणं पुढे केली. नंतरचे भाष्यकार इब्न अक़ील यांनी वडिलांची बाजू घेतली: तिथं धातुनाम क्रियापदाला जोर देत नसून त्याची जागाच घेतं. मला हे उत्तर पटतं. ‘शुक्रन’ म्हणताना आपण आधी न बोललेल्या क्रियेवर भर देत नसतो, आभार मानण्याची क्रियाच त्या शब्दाने करत असतो.

‘कुल्ल’ (सगळं) आणि ‘बअद’ (थोडं) हे शब्दही धातुनामाच्या जागी बसतात. ‘फ़हिम्तु बअदल फ़ह्म’ म्हणजे थोडंफार समजलं. इथं ‘-अन’ ऐकू येत नाही, कारण ‘बअद’ पुढच्या नामाला जोडलेलं आहे. त्यामुळे नवशिक्या माणसाला हे मफ़ऊल मुतलक ओळखूच येत नाही.

तमयीज़ कुठं लागतं?

जिथं शब्द कळतो पण वस्तू कळत नाही तिथं. ‘मी दोन किलो घेतले’ असं कुणी म्हणालं आणि थांबलं तर आपण विचारतोच, काय? वजन, माप, लांबी, संख्या ही सगळी नामं अशी पोकळ असतात. इब्न मालिक यांनी तमयीज़ची व्याख्या दिल्यावर पुढच्याच ओळीत बाजारातली उदाहरणं दिली आहेत: वीतभर जमीन, क़फ़ीज़भर गहू, दोन मन्न मध आणि खजूर. क़फ़ीज़ हे धान्याचं माप आणि मन्न हे वजन.

व्याख्येत एक शब्द कळीचा आहे: तमयीज़ हे ‘मिन’च्या अर्थाचं अनिश्चित नाम. ‘मिन’ म्हणजे ‘-पैकी’ किंवा ‘-चा बनलेला’. त्यामुळे तिथं ‘अल-’ लागत नाही. ‘दोन किलो सफरचंद’ म्हणताना कुठली तरी ठरावीक सफरचंदं अभिप्रेत नसतात, फक्त जात सांगायची असते.

मापांनंतर नस्बच वापरलं पाहिजे असं मात्र नाही. ‘कूबुन माअन’ आणि ‘कूबु माइन’ दोन्ही बरोबर. फरक आपल्या ‘पेलाभर पाणी’ आणि ‘पाण्याचा पेला’ यांतला आहे. ‘पेलाभर पाणी दे’ म्हटलं तर पाणीच हवं. ‘पाण्याचा पेला कुठंय?’ असं विचारणाऱ्याला रिकामा पेलाही हवा असू शकतो. नस्ब घेतलं की भांडं मागे पडतं आणि प्रमाण पुढे येतं. षष्ठीत दोन्ही शक्यता उघड्या राहतात.

आकड्यांनंतर कधी एकवचन, कधी अनेकवचन, कधी ‘-अन’, कधी ‘-इन’. हे कसं लक्षात ठेवायचं?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, कारण मराठीत ‘पाच पुस्तकं, पंचवीस पुस्तकं, शंभर पुस्तकं’ असं सगळं एकाच चालीने जातं. अरबीत तीन टप्पे आहेत. तीन ते दहापर्यंत अनेकवचन आणि षष्ठी: ‘ख़म्सतु कुतुबिन’. अकरा ते नव्याण्णवपर्यंत एकवचन आणि नस्ब: ‘ख़म्सतुन व इश्रून किताबन’. शंभर आणि हजारानंतर एकवचन पण पुन्हा षष्ठी: ‘मिअतु किताबिन’. खरं तमयीज़, म्हणजे ‘-अन’वालं, फक्त मधल्या टप्प्यात आहे.

त्याचं एक कारण आकड्यांच्या रूपातच दिसतं. षष्ठीने पुढच्या नामाला जोडायचं तर आधीच्या शब्दाने शेवटचा ‘न’ सोडावा लागतो. पाच आणि शंभर तो सोडतात. ‘इश्रून’ मात्र आपला ‘न’ धरून बसतो, त्यामुळे पुढच्या नामाला षष्ठीची जागाच उरत नाही आणि ते नस्बात जातं. किती पुस्तकं वाचलीस हे विचारतानाही ‘कम किताबन क़रअ्त?’ असं एकवचन नस्बच येतं. अकरापासूनच्या आकड्यांसारखंच ‘कम’ वागतं असं धरलं तर विसरायला होत नाही. मराठीच्या सवयीने ‘कम कुतुब’ हमखास तोंडात येतं, आणि ते चूक आहे.

‘इश्तअलर्रअ्सु शैबन’ हे वाक्य प्रत्येक व्याकरणात का असतं?

कारण तमयीज़ नामाऐवजी अख्ख्या वाक्याला नेमकं करतं ते इथं सगळ्यांत सुंदर दिसतं. हे कुराणाच्या 19व्या सूरेतल्या चौथ्या आयतीतलं वाक्य. वृद्ध पैगंबर ज़करिया प्रार्थनेत आपली हाडं क्षीण झाल्याचं सांगतात आणि पुढे हे म्हणतात. ‘इश्तअल’ म्हणजे पेटलं, ‘रअ्स’ म्हणजे डोकं, ‘शैब’ म्हणजे पिकलेल्या केसांचा पांढरेपणा. शब्दशः ‘डोकं पेटलं, पांढरेपणाने’.

पेटलं काय? खरं तर पांढरेपणा पेटला. साधं वाक्य ‘इश्तअल शैबुर्रअ्सि’, म्हणजे ‘डोक्याचा पांढरेपणा पेटला’, असं झालं असतं. त्यात ‘शैब’ हा कर्ता आहे. आता त्याला कर्तेपणावरून उतरवलं, ‘डोकं’ कर्त्याच्या जागी बसवलं, आणि ‘शैब’ला शेवटी तमयीज़ करून ठेवलं. व्याकरणकार याला कर्त्यावरून वळवलेलं तमयीज़ म्हणतात.

या वळवण्याने काय साधलं? इराणमधल्या गुरगानचे अब्दुल क़ाहिर अल-जुर्जानी (मृत्यू 471 हिजरी, इ.स. 1078) यांनी याचं उत्तर दिलं ते मला आजवर वाचलेल्या व्याकरणचर्चेत सर्वांत आवडतं. लोक या वाक्याचं सगळं श्रेय रूपकाला देतात, ते त्यांना मान्य नाही. रूपक तर ‘डोक्याचा पांढरेपणा पेटला’ यातही आहे. मग ते वाक्य फिकं का? ते घराचं उदाहरण घेतात. ‘घर आगीने पेटलं’ म्हटलं की आग सगळीकडे पसरली आणि घर तिच्या ताब्यात गेलं. ‘घरात आग पेटली’ म्हटलं तर ती एका कोपऱ्यातही असू शकते. डोक्याचंही तसंच. डोकं कर्ता झालं की पांढरेपणाने सगळं व्यापलं, काळा केस शोधून सापडणार नाही.

मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘घराला आग लागली’ ऐकून आपण बादल्या घेऊन धावतो आणि ‘घर पेटलं’ ऐकून आतली माणसं बाहेर आली का ते विचारतो. क्रम बघा: आधी ‘डोकं पेटलं’ ऐकून मन क्षणभर अडखळतं, आणि मग ‘शैबन’ येऊन अर्थ जागेवर बसतो. मोघम आधी आणि नेमकं नंतर, हा क्रमच परिणाम करतो. म्हणून तमयीज़ आपल्या क्रियापदाच्या आधी सहसा येत नाही.

असं तमयीज़ मराठीत कसं आणायचं?

बहुतेक वेळा आपल्या तृतीयेने. ‘अक्बरु मिन्नी सिन्नन’ म्हणजे ‘वयाने माझ्यापेक्षा मोठा’. ‘ताब नफ़्सन’ म्हणजे ‘मनाने प्रसन्न झाला’. अरबीकडून मराठीत येताना हे इतकं सोपं आहे की उलट जाताना घात होतो. विद्यार्थी ‘-ने’साठी ‘बि-’ लावतात आणि ‘अक्बरु मिन्नी बि-सिन्निन’ लिहितात. मीही सुरुवातीची दोनेक वर्षं असंच लिहीत होतो, आणि माझ्या वहीतल्या प्रत्येक ‘बि-’वर गुरुजींनी शांतपणे आडवी रेघ मारलेली अजून आठवते. ‘कोणत्या बाबतीत?’ असं विचारता येत असेल तर ‘बि-’ नको, नुसतं ‘-अन’. ‘कशाच्या साधनाने?’ असा प्रश्न असेल, म्हणजे ‘पेनाने लिहिलं’, तर ‘बि-’ हवा.

तुलनेत तर तमयीज़वाचून चालतच नाही. रंगांपासून आणि लांब क्रियापदांपासून अरबीत थेट ‘अधिक अमुक’ असं रूप होत नाही. ‘जास्त लाल’ म्हणायला ‘अशद्दु हुम्रतन’, म्हणजे ‘लालपणाने अधिक तीव्र’, आणि ‘जास्त मेहनती’ म्हणायला ‘अक्सरु इज्तिहादन’ म्हणावं लागतं.

तमयीज़ आणि हाल यांत माझा नेहमी गोंधळ होतो. ओळखायचं कसं?

हालही ‘-अन’ घेतो, पण तो कर्त्याची किंवा कर्माची त्या वेळची अवस्था सांगतो: ‘जाअल वलदु दाहिकन’, मुलगा हसत आला. सोपी परीक्षा लिंग बदलण्याची. मुलगी आली तर ‘दाहिकतन’ होतं, कारण हाल आपल्या माणसाशी जुळवून घेतो. ‘ती वयाने मोठी’ यातलं ‘सिन्नन’ मात्र तसंच राहतं.

काही वाक्यं खरोखर दोन्हीकडे झुकतात. जुनं उदाहरण ‘करुम ज़ैदुन दैफ़न’. ‘दैफ़’ म्हणजे पाहुणा. ज़ैदच पाहुणा असेल तर ‘पाहुणा म्हणून ज़ैद दिलदार’, आणि इथं हाल किंवा तमयीज़ दोन्ही म्हणता येतं. पाहुणा दुसराच कुणी असेल तर मूळ वाक्य ‘ज़ैदचा पाहुणा दिलदार’ आणि हे कर्त्यावरून वळवलेलं तमयीज़. व्याकरणकार इब्न हिशाम यांनी हे दोन अर्थ वेगळे करून दाखवले आहेत. पहिल्या अर्थात तमयीज़ला ‘मिन’ लावता येतं, दुसऱ्यात नाही. वाक्य एकटं असेल तर निकाल लागत नाही, आजूबाजूचा मजकूरच बघावा लागतो.

दोन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात का?

येतात, आणि परीक्षेत हेच विचारतात. ‘दार इश्रीन दौरतन’, तो वीस फेऱ्या फिरला. ‘दार’ हे क्रियापद. ‘दौरा’ त्याचंच धातुनाम असल्यामुळे बहुतेक जण त्याला मफ़ऊल मुतलक ठरवून मोकळे होतात. पण क्रियापदाने पकडलेला शब्द ‘इश्रीन’ आहे. ‘इश्रून’ नसून ‘इश्रीन’ झालं हाच त्याचा पुरावा: नस्ब तिथं दिसतंय. म्हणून मफ़ऊल मुतलकच्या जागी आकडा बसला आहे, आणि ‘दौरतन’ हे त्या आकड्याचं तमयीज़ आहे. आकडा काढून ‘दार दौरतन’ केलं तर मात्र तेच ‘दौरतन’ मफ़ऊल मुतलक होतं, एक फेरी फिरला.

दुबई-मस्कतला बोलताना हे सगळं लागतं का?

बोलीत विभक्तीचे शेवट गळून गेले आहेत. वीस पुस्तकांना तिथं ‘इश्रीन किताब’ म्हणतात, ‘किताबन’ म्हणणारा माणूस पुस्तकी वाटतो. पण नीट ऐकलं तर नियम आतून तसाच आहे: पाचानंतर ‘कुतुब’, विसानंतर ‘किताब’. शेवट गेला, वचन राहिलं. आणि दुकानदाराच्या तोंडी ‘शुक्रन’मधलं ‘-अन’ अजून शाबूत आहे.